आकृती हरवली तरी धारेची दिशा कुठपर्यंत सांगता येते?

प्रश्न: सर, मी बारावीचा सरावसंच सोडवतेय. एक प्रश्न असा आहे: 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे चुंबकाचा उत्तर ध्रुव कॉइलकडे नेला. ए आणि बी यांच्यामधल्या रोधातून प्रवर्तित धारा कशी वाहील? (१) ए कडून बी कडे (२) बी कडून ए कडे (३) धारा वाहणार नाही (४) आधी एका दिशेने, मग उलट.' झेरॉक्समध्ये आकृतीच आलेली नाही. शेवटी दिलेलं उत्तर (१) आहे. मी लेन्झचा नियम लावते, पण कधी (१) येतं, कधी (२). माझं कुठे चुकतंय?

उत्तर:

तुझं काही चुकत नाहीये. मिळालेल्या मजकुरावरून (३) आणि (४) हे पर्याय खात्रीने बाद होतात, आणि (१) की (२) हे ठरवता येत नाही. त्यासाठी लागणारी माहिती आकृतीत होती आणि ती आकृतीबरोबर गेली. मात्र नेमकं काय गेलं हे समजलं, तर ते एका वाक्यात कुणालाही विचारता येतं. त्या वाक्यापर्यंत कसं पोचायचं ते सांगतो.

आधी आकृतीशिवाय जे कळतं ते पाहू. चुंबकाच्या जागी आपला डोळा आहे आणि आपण कॉइलच्या तोंडाकडे बघतोय अशी कल्पना कर. उत्तर ध्रुव जवळ येतोय, म्हणजे कॉइलमधून पलीकडे जाणाऱ्या बलरेषा वाढताहेत. कॉइल ही वाढ रोखू पाहते, म्हणून तिचं स्वतःचं क्षेत्र आपल्याकडे, चुंबकाकडे रोखलेलं असतं. ज्या तोंडातून बलरेषा बाहेर पडतात ते उत्तर ध्रुवासारखं वागतं, त्यामुळे कॉइलचं जवळचं तोंड उत्तर ध्रुव बनतं आणि येणाऱ्या चुंबकाला मागे ढकलतं. उजव्या हाताचा अंगठा आपल्याकडे रोखला की बोटं घड्याळाच्या काट्यांच्या उलट वळतात. तेव्हा चुंबकाच्या बाजूने पाहिलं तर धारा घड्याळाच्या उलट दिशेने फिरते.

हे उत्तर पक्कं आहे. कॉइल कशी गुंडाळली, वेढे किती, टोकं कुठे जोडली, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. तोंड उत्तर ध्रुव व्हायचं तर धारेने त्याच दिशेने फिरायला हवं, मग तार कशीही असो. 'चुंबकाच्या बाजूने पाहिल्यास धारा कशी फिरेल' असा प्रश्न असता तर आकृती नसतानाही तुला पूर्ण गुण मिळाले असते. 'चुंबकाच्या बाजूने' हे शब्द मात्र उत्तरात लिहायलाच हवेत. तीच धारा पलीकडून बघणाऱ्याला घड्याळाच्या दिशेने फिरताना दिसते. कुठून पाहिलं ते न लिहिता 'घड्याळाच्या उलट' एवढंच लिहिलेलं उत्तर मी तपासताना अर्धवटच धरतो.

आता ए आणि बी. धारा कॉइलभोवती कशी फिरते हे कळलं, पण फिरत फिरत ती ए या टोकातून बाहेर पडते की बी मधून, हे तारेच्या वाटेवर अवलंबून आहे. तार ए पासून निघून घड्याळाच्या दिशेने गुंडाळत गेली असेल तर घड्याळाच्या उलट फिरणारी धारा त्या तारेतून ए कडे परत येईल. उलटी गुंडाळली असेल तर ती ए पासून दूर जाईल. तुझ्या हातून निसटलेली गोष्ट एवढीच आहे. तू दर वेळी मनात एक कॉइल काढत होतीस, आणि ती कधी एका तऱ्हेने गुंडाळलेली असायची, कधी दुसऱ्या. म्हणून कधी (१), कधी (२).

गुंडाळीची तऱ्हा शब्दांत सांगायला मी वर्गात स्क्रू वापरतो. साध्या स्क्रूचे आटे सुलटे असतात: घड्याळाच्या दिशेने फिरवला की तो आपल्यापासून दूर, लाकडात जातो. सायकलच्या डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे सायकल दुरुस्त करणाऱ्या कुणालाही माहीत असतं. एकाच थराची कॉइल म्हणजे लांबवलेले आटेच. ती सुलट्या आट्यांची असते नाहीतर उलट्या, तिसरा प्रकार नाही. आणि आट्यांचा मोठा गुण असा की ते बघणाऱ्यावर अवलंबून नसतात. स्क्रू डोक्याकडून बघ, टोकाकडून बघ, उपडा कर, सुलटे आटे सुलटेच राहतात. 'घड्याळाच्या दिशेने' या शब्दांना बघणाऱ्याची जागा सांगावी लागते, 'सुलटे आटे' या शब्दांना लागत नाही. म्हणून आकृती नसताना बोलायला हाच शब्द सोयीचा.

कॉइलचे आटे ओळखायचे तर एक साधा स्क्रू तिच्याशेजारी त्याच रेषेत आडवा धर. स्क्रूच्या समोरच्या बाजूचे आटे वर डावीकडून खाली उजवीकडे तिरके उतरताना दिसतील. कॉइलचे समोरचे वेढे तसेच तिरके असतील तर आटे सुलटे, विरुद्ध तिरके असतील तर उलटे. छापील आकृतीतही हेच करायचं, पण समोरचे वेढे कोणते ते आधी नीट बघायचं. चांगल्या आकृतीत समोरचे वेढे ठळक आणि मागचे तुटक रेषांनी काढलेले असतात. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये तुटक रेषा उडून जातात किंवा ठळक होतात, आणि मग आकृती समोर असूनही हरवल्यासारखीच होते.

तुझाच प्रश्न आता पूर्ण करून पाहू. समज, कॉइल आडवी आहे, चुंबक डावीकडून येतोय, उत्तर ध्रुव पुढे. कॉइलचे आटे सुलटे आहेत. डाव्या टोकाची, म्हणजे चुंबकाकडची तार ए ला जोडली आहे, उजव्या टोकाची बी ला, आणि ए व बी यांच्यामध्ये रोध आहे. चुंबकाच्या जागेवरून, म्हणजे डावीकडून बघू. सुलट्या आट्यांची तार ए पासून निघून आपल्यापासून दूर जाताना घड्याळाच्या दिशेने गुंडाळत जाते. आपली धारा घड्याळाच्या उलट फिरते. म्हणजे ती तारेतून उलट वाटेने, पलीकडच्या टोकाकडून अलीकडच्या टोकाकडे येते आणि ए मधून कॉइलच्या बाहेर पडते. बाहेर पडल्यावर रोधातून ए कडून बी कडे जाते. उत्तर (१).

इथे एक जागा आहे जिथे हुशार मुलंही पाय घसरून पडतात. कॉइलच्या आत धारा बी कडून ए कडे गेली आणि रोधातून ए कडून बी कडे. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, कारण परिपथ बंद आहे आणि धारा गोल फिरून येते. कॉइल इथे बॅटरीची जागा घेते, आणि बॅटरीच्या आत धारा ऋण टोकाकडून धन टोकाकडे जाते. तेव्हा प्रश्न 'रोधातून' विचारतोय की 'कॉइलमधून', हा शब्द पेन्सिलने अधोरेखित करूनच पुढे जा.

वरच्या उदाहरणाला आपण पाया धरू: उत्तर ध्रुव, जवळ येणारा, सुलटे आटे, ए चुंबकाकडच्या टोकाला, तर रोधातून धारा ए कडून बी कडे. या चार गोष्टींपैकी कुठलीही एक बदलली की उत्तर उलटतं. दोन बदलल्या की परत तेच येतं. दक्षिण ध्रुव दूर नेला, तर ध्रुव आणि हालचाल असे दोन बदल झाले, म्हणून उत्तर ए कडून बी कडेच. दक्षिण ध्रुव दूर नेला आणि आटेही उलटे असतील, तर तीन बदल, उत्तर बी कडून ए कडे. मी मुलांना आधी लेन्झच्या नियमाने पूर्ण सोडवायला लावतो आणि मग असे बदल मोजून पडताळा घ्यायला सांगतो. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर कुठेतरी बघण्याची बाजू बदलली गेलेली असते.

तुझ्या प्रश्नात ध्रुव आणि हालचाल मजकुरात आहेत. आटे आणि ए ची जागा आकृतीत होती. दिलेलं उत्तर (१) आहे, तेव्हा आता मागे जाऊन आकृती कशी असेल ते सांगता येतं: एकतर सुलटे आटे आणि ए चुंबकाकडे, नाहीतर उलटे आटे आणि ए पलीकडे. या दोन्हींपैकी कुठली हे मात्र उत्तरावरून कळणार नाही. तारा कॉइलमधून निघून एकमेकींना ओलांडून ए आणि बी ला पोचलेल्या असू शकतात, म्हणून 'ए डावीकडे आहे' एवढ्यावर विसंबू नकोस. ए पासून बोट ठेवून तार कॉइलच्या कुठल्या टोकाला जाते ते बघायचं असतं.

फ्लेमिंगच्या उजव्या हाताच्या नियमाने काही मुलं इथे उत्तर काढायला जातात. तो नियम क्षेत्रातून सरकणाऱ्या सरळ तारेसाठी सोयीचा. इथे तार स्थिर आहे आणि चुंबक हलतोय, म्हणून अंगठा चुंबकाच्या हालचालीच्या दिशेने धरला की उत्तर हमखास उलटं येतं. तारेची चुंबकाच्या सापेक्ष गती घ्यावी लागते, शिवाय ध्रुवाजवळ पसरत जाणाऱ्या बलरेषांची तारेजवळची दिशा घ्यावी लागते. कॉइलच्या प्रश्नाला तो वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आकृती हरवण्याचा एक जास्त फसवा प्रकार. काही वर्षांपूर्वी एका सराव परीक्षेत कॉइलची आकृती जुळणी करताना आरशातल्यासारखी उलटली गेली. चुंबक डावीकडून उजवीकडे गेला, ए आणि बी ही अक्षरं आकृतीबरोबर हलून पुन्हा नीट लिहिली गेली, आणि सगळं ठीक दिसत होतं. उत्तरसूची मात्र जुनीच राहिली. ज्या मुलांनी नीट सोडवलं त्यांचे गुण गेले. कारण आरशात सुलटे आटे उलटे होतात. ए अजूनही चुंबकाकडच्याच टोकाला, ध्रुव तोच, हालचाल तीच, पण चारांतली एक गोष्ट बदलली आणि उत्तर बी कडून ए कडे झालं. कागद उलटा, खालचं वर धरला असता तर काहीच बिघडलं नसतं, कारण फिरवल्याने आटे बदलत नाहीत. ऑनलाइन तास घेताना मला याची पुन्हा आठवण झाली. मोबाइलचा समोरचा कॅमेरा पडद्यावर आपल्याला आरशासारखं चित्र दाखवतो. त्यात बघून कॉइलचे आटे ठरवले की उत्तर चुकतं.

पर्याय (३) आणि (४) का बाद झाले तेही सांगतो, कारण त्यांनाही आकृती लागत नाही. चुंबक कॉइलजवळ नुसता धरून ठेवला, किंवा चुंबक आणि कॉइल एकाच वेगाने बरोबर हलवले, किंवा दंडगोल चुंबक कॉइलच्या अक्षावर ठेवून स्वतःभोवती फिरवला, तर कॉइलमधल्या बलरेषा बदलत नाहीत आणि धारा शून्य. इथे चुंबक कॉइलकडे जातोय आणि रोधामुळे परिपथ बंद आहे, म्हणून धारा आहेच. पर्याय (४) खरा होण्यासाठी चुंबक कॉइलच्या आरपार जायला हवा. उत्तर ध्रुव पुढे ठेवून चुंबक आत शिरतो तेव्हा अलीकडचं तोंड उत्तर ध्रुव होऊन त्याला अडवतं. बाहेर पडताना मागचा दक्षिण ध्रुव पलीकडच्या तोंडापासून दूर जात असतो. त्याला धरून ठेवायला पलीकडचं तोंड उत्तर ध्रुव होतं. आधी अलीकडचं, मग पलीकडचं, म्हणजे धारा उलटली. कॉइल चुंबकापेक्षा बरीच लांब असेल तर मध्ये काही क्षण, चुंबक पूर्ण आत असताना, धारा जवळपास शून्य असते. तुझ्या प्रश्नात 'कॉइलकडे नेला' एवढंच आहे, म्हणून (४) नाही.

हे एकदा हाताने करून पाहा, मग विसरणार नाहीस. साधारण ३ सेंटिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर इनॅमलची तांब्याची तार २०० वेढे गुंडाळ. टोकांवरचं इनॅमल पॉलिश पेपरने पूर्ण खरवडून काढ, नाहीतर काटा हलणारच नाही आणि तू उगाच चुंबकाला दोष देशील. शाळेतल्या पट्टीचुंबकाच्या ध्रुवाजवळ क्षेत्र ०.१ टेस्लाच्या आसपास धरलं आणि ध्रुवाचं क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर धरलं, तर एका वेढ्यातून एक लाखांश वेबर इतका फ्लक्स जातो. ०.१ सेकंदात चुंबक आत सारला तर २०० वेढ्यांत सरासरी २० मिलिव्होल्ट निर्माण होतात. परिपथाचा एकूण रोध १०० ओहम धरला तर धारा ०.२ मिलिअँपिअर. प्रयोगशाळेतल्या मधोमध शून्य असलेल्या गॅल्व्हानोमीटरचा काटा एवढ्याने स्पष्ट हलतो.

पण काटा उजवीकडे हलला याचा अर्थ धारा कुठल्या टोकातून आत आली, हे आधी तपासून घ्यावं लागतं. दीड व्होल्टचा सेल १० किलोओहमचा रोध मध्ये घालून गॅल्व्हानोमीटरला जोड. धारा ०.१५ मिलिअँपिअर, काट्याला सुरक्षित. सेल थेट कधीही जोडू नकोस, आतली बारीक तार जळते. सेलचं धन टोक ज्या बाजूला जोडलं तिथून धारा मीटरमध्ये शिरते. काटा कुठे गेला ते मीटरवर चिकटपट्टी लावून लिहून ठेव. चुंबकावरचा रंग उडाला असेल तर त्याचा ध्रुव होकायंत्राने ठरव: सुईचं उत्तर टोक ज्या टोकाकडे ओढलं जातं ते चुंबकाचं दक्षिण टोक. डिजिटल मल्टिमीटर वापरलास तर लाल तार जास्त विभवाला असताना आकडा धन येतो. पण तो सेकंदाला दोन-तीनदाच वाचन घेतो, त्यामुळे झटकन हलवलेल्या चुंबकाचं चिन्ह कधी कधी निसटतं. इथे जुना काट्याचा मीटरच बरा.

एक मर्यादा इथे लक्षात येईल. २०० वेढे एका थरात बसले नाहीत तर तू दुसरा थर परत येताना गुंडाळशील. पहिल्या थराचे आटे सुलटे असतील तर दुसऱ्याचे उलटे होतात, कारण हात त्याच बाजूने फिरतोय आणि तार मात्र मागे येतेय. अशा कॉइलला 'सुलटे आटे' हा शब्द लागू पडत नाही, आणि दोन थरांत दोन्ही टोकंही एकाच बाजूला येतात. तेव्हा मूळ प्रश्नाकडे परत यायचं: चुंबकाच्या बाजूने पाहिल्यावर, ए पासून निघालेली तार घड्याळाच्या दिशेने फिरत जाते की उलट? हे थरांनी बदलत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या आकृतीत गुंडाळीच्या एका टोकाशी ठिपका काढतात, तो याच कामासाठी. वेढे काढत न बसता, दोन्ही गुंडाळ्या एकमेकींच्या तुलनेत कशा फिरतात ते त्यावरून कळतं.

सरांना किंवा ज्या मैत्रिणीकडे मूळ प्रत आहे तिला फोन करून चित्र पाठव म्हणायची गरज नाही, आणि पाठवलेला फोटो उलटलेला नाही याचीही खात्री नसते. एवढंच विचार: 'चुंबक ज्या बाजूला आहे तिथून बघ. ए पासून तारेवर बोट फिरवत कॉइलवर गेलं तर बोट घड्याळाच्या दिशेने फिरतं का?' तिने 'हो' म्हटलं तर तुझं उत्तर (१). 'नाही' म्हटलं, तर उत्तर (२) आहे आणि उत्तरसूची चुकलेली आहे.